चेंबूरच्या कॉलेजातली नोटीस : हिजाब, ड्रेस कोड आणि तीन न्यायालयांची उत्तरं

मे २०२४च्या सुरुवातीला चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नोटीस फिरली. नव्या शैक्षणिक वर्षापासून विद्यार्थ्यांचा पोशाख औपचारिक आणि सभ्य असावा, असं तिच्यात म्हटलं होतं. मुलग्यांनी शर्ट आणि पँट घालावी. मुलींनी अंगप्रदर्शन न करणारा कोणताही भारतीय किंवा पाश्चात्त्य पोशाख घालावा. आणि पोशाखातून कोणाचाही धर्म दिसू नये, म्हणून बुरखा नको, नकाब नको, हिजाब नको, टोपी नको, बिल्ला नको, स्टोल नको. मुलींसाठी कपडे बदलायला खोली उपलब्ध आहे, अशी सोयही नमूद केली होती.

विज्ञान शाखेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या नऊ मुलींनी आधी प्राचार्यांना निवेदन दिलं, मग विद्यापीठाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे दाद मागितली. जूनमध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्याच नोटिशीतल्या काही शब्दांना अंतरिम स्थगिती दिली, काहींना दिली नाही. तीन महिन्यांत एकाच नोटिशीची दोन वाचनं झाली. धार्मिक पोशाखाच्या वादात कोण नेमकं काय मागतं आणि कोणता युक्तिवाद कुठे लंगडा पडतो, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सर्वांत उपयोगी वाटतं. मी स्वतः पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते, दुसऱ्या एका उपनगरातल्या कॉलेजात. माझ्या वर्गातही ओढणी घट्ट पिनअप केलेल्या मुली पहिल्या बाकावर असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कागदावरचा नाही.

आधी उडुपी

चेंबूरचं प्रकरण कळायला कर्नाटकात थोडं डोकवावं लागतं, कारण मुंबईच्या निकालाचा पाया तिथेच आहे. २०२१च्या अखेरीस उडुपीच्या सरकारी मुलींच्या पदवीपूर्व महाविद्यालयात, म्हणजे आपल्या भाषेत अकरावी-बारावीच्या कॉलेजात, हिजाब घातलेल्या सहा मुलींना वर्गात बसू दिलं नाही. जानेवारीत बाकीच्या कॉलेजांमध्ये भगव्या शाली घातलेली मुलं विरोधात उभी राहिली. ५ फेब्रुवारी २०२२ला राज्य सरकारनं आदेश काढला की सरकारी शाळांनी सरकारनं ठरवलेला आणि खाजगी शाळांनी आपापल्या व्यवस्थापनानं ठरवलेला गणवेश पाळावा. ताण इतका वाढला की राज्यातली हायस्कुलं आणि कॉलेजं काही दिवस बंद ठेवावी लागली. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं तीन गोष्टी सांगितल्या. हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही. गणवेश हे मूलभूत हक्कांवरचं वाजवी बंधन आहे. आणि सरकारी आदेश वैध आहे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे १३ ऑक्टोबर २०२२ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला, न्या. सुधांशु धुलिया यांनी तो रद्द ठरवला. प्रकरण मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. म्हणजे चेंबूरची नोटीस निघाली तेव्हा देशात या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचं अंतिम उत्तर नव्हतं, पण कर्नाटकचा निकाल उभा होता.

नोटिशीत गणवेश नाही

मुंबई उच्च न्यायालयात न्या. अ. श. चांदूरकर आणि न्या. राजेश पाटील यांनी कर्नाटकच्या निकालाशी सहमती दाखवली. ड्रेस कोड जात, धर्म, भाषा न पाहता सगळ्यांना लागू आहे, पोशाखातून धर्म दिसू नये म्हणजे विद्यार्थ्यांचं लक्ष शिक्षणावर राहील हा हेतू आहे, संस्था चालवणाऱ्यांना शिस्त राखण्याचा हक्क आहे, आणि हिजाब अत्यावश्यक प्रथा असल्याचं दाखवायला पुरेसा आधार समोर आलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या बाजूनं सांगितलं गेलं होतं की उडुपीत गणवेश होता आणि ते कनिष्ठ महाविद्यालय होतं, इथे सीनियर कॉलेज आहे आणि गणवेश नाही. हा फरक न्यायालयाला महत्त्वाचा वाटला नाही.

मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गणवेश म्हणजे सगळ्यांनी एकच गोष्ट घालायची. निळा कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. गणवेशाच्या वर्गात एकीनं वेगळं काही घातलं तर ती एकटी वेगळी दिसते, आणि 'एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू' हा मुख्याध्यापकांचा प्रश्न खरा असतो. चेंबूरच्या नोटिशीत तसं काही नव्हतं. एक मुलगी पंजाबी ड्रेसमध्ये, दुसरी शर्ट-पँटमध्ये, तिसरी लांब कुर्त्यात येऊ शकत होती. रंग, कापड, शिवण, सगळं आपापलं. फक्त सहा वस्तू नकोत. इथे समानतेचं काम गणवेश करत नाही, नकोच्या यादीवर ते सोपवलेलं आहे. आणि यादीवर काम सोपवलं की यादीत काय आहे आणि काय नाही, हे तपासावंच लागतं.

सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्यापुढे नेमकं तेच झालं. धर्म दिसू नये हा हेतू असेल तर नावाचं काय, नावातून धर्म कळत नाही का, असं विचारलं गेलं. टिळा लावून येऊ नका असं तुम्ही म्हणाल का, हाही प्रश्न आला. शेवटी अंतरिम आदेश असा झाला : नोटिशीतल्या हिजाब, टोपी आणि बिल्ला यांच्यावरच्या बंदीला स्थगिती. बुरखा आणि नकाब वर्गात चालणार नाही. कॉलेजच्या आवारात धार्मिक कार्यक्रम नकोत. आणि या आदेशाचा कुणी गैरवापर केला तर कॉलेज पुन्हा न्यायालयाकडे येऊ शकेल.

कॉलेजची बाजू, तिच्या भक्कम रूपात

स्थगिती मिळाली म्हणून कॉलेजची बाजू पोकळ होती असं मी मानत नाही. ती नीट ऐकली पाहिजे.

पहिली गोष्ट स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळते. उडुपी जिल्ह्यात काय घडलं ते प्रत्येक प्राचार्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. एका बाजूनं हिजाब आला की दुसऱ्या बाजूनं शाल येते, मग घोषणा, मग पोलिसांची गाडी. अशा वेळी सगळंच बंद करून टाकणं हा प्राचार्यांना सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. त्यात मुस्लिम मुलींविषयी आकस असेलच असं नाही. पुष्कळदा फक्त परीक्षा वेळेवर व्हाव्यात एवढीच इच्छा असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कॉलेजच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कॉलेजात ४४१ मुस्लिम मुली आनंदानं शिकत आहेत, अडचण मोजक्याच जणींना आहे. या आकड्यामागचा युक्तिवाद मी असा समजते : ज्या मुलींना डोकं झाकायचं नाही त्यांना घरी सांगता येतं की कॉलेजात चालत नाही. नियम ही त्यांची ढाल असते. नियम गेला की घरातला काका, गल्लीतला भाऊ, वर्गातली मैत्रीण विचारणार, 'ती घालते, मग तू का नाही?' फ्रान्समध्ये १५ मार्च २००४चा कायदा झाला, सरकारी शाळांमध्ये ठळकपणे धर्म दाखवणाऱ्या खुणांवर बंदी आली, तेव्हा त्यामागे नेमका हाच विचार होता. लहान मुलीवरचा दबाव शाळेच्या दारात थांबावा. हा विचार स्त्रीविरोधी नाही, आणि मुलींच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

पण त्याच फ्रान्सच्या कायद्याकडे थोडं अधिक बारकाईनं पाहा. तो शाळांना लागू आहे, म्हणजे आपल्या बारावीपर्यंतच्या वयाला. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना तो लागू नाही. या बाबतीत अत्यंत कडक समजल्या जाणाऱ्या देशानं अशी रेघ ओढली की सज्ञान विद्यार्थिनीनं काय घालावं हे तिच्यावर सोपवावं. चेंबूरच्या याचिकाकर्त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या होत्या. या वयाच्या मुली मतदान करतात, गाडीचा परवाना काढू शकतात, आई-वडिलांना न विचारता लग्न करू शकतात. त्यांच्यावर घरून दबाव असेलही, पण दबाव आहे की नाही हे न तपासता सगळ्यांच्या डोक्यावरचं कापड काढणं म्हणजे एका दबावाच्या जागी दुसरा आणणं. शिवाय ज्या घरी खरोखर सक्ती आहे त्या घरातून 'मग कॉलेजच नको' असं उत्तर येण्याची शक्यता मोठी, आणि मग ढाल म्हणून केलेला नियम तिलाच बाहेर ठेवतो.

४४१चा आकडाही दोन्ही बाजूंनी वाचता येतो. त्यातल्या किती जणी मनापासून डोकं न झाकता येतात आणि किती जणी पदवी पूर्ण करायची म्हणून गप्प बसून खोलीत जाऊन हिजाब काढतात, हे आकडा सांगत नाही. तक्रार न करणं म्हणजे संमती, असं माझ्या विद्यार्थिनींबद्दल मी तरी कधी गृहीत धरणार नाही.

'अत्यावश्यक' या शब्दाचा सापळा

मुलींच्या बाजूच्या युक्तिवादातही एक कच्चा दुवा आहे आणि तो त्यांना दोन्ही उच्च न्यायालयांत महाग पडला. हिजाब ही धर्मानं अनिवार्य केलेली गोष्ट आहे, असं त्यांनी मांडलं. ही मांडणी निवडण्यामागे कारण आहे. १९५४च्या शिरूर मठाच्या निकालापासून आपल्याकडे एक कसोटी चालत आली आहे : धर्माच्या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक प्रथेला नाही, तर त्या धर्माच्या अत्यावश्यक भागालाच संरक्षण. म्हणून वकील ग्रंथातली वचनं काढतात, आणि न्यायाधीशांना ठरवावं लागतं की हे वचन आज्ञा आहे की सल्ला.

मुंबईतच पूर्वी एका शाळकरी मुलीच्या याचिकेत हे झालं होतं. मुलींच्याच वर्गात डोकं उघडं ठेवल्यानं कुराणाचा भंग होत नाही, असं उच्च न्यायालयानं वचनं वाचून ठरवलं. निकाल पटो न पटो, तो ज्या वाटेनं आला ती वाटच मला चुकीची वाटते. श्रद्धाळू मुलीला न्यायालयात सिद्ध करावं लागतं की तिच्याकडे दुसरा पर्यायच नाही. ती म्हणाली की 'हे मी स्वतः निवडलं आहे', तर उत्तर मिळतं की मग ते अत्यावश्यक नाही. ती म्हणाली की 'हे अनिवार्य आहे', तर बाहेरचे लोक म्हणतात, बघा, हिच्यावर सक्ती आहे.

न्या. धुलियांनी हा रस्ताच सोडला. हा मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, अत्यावश्यक प्रथेची चौकशी इथे करायचं कारणच नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. त्यांनी केरळच्या एका प्रकरणातल्या १९८६च्या निकालाचा आधार घेतला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. तिथे पाहिलं गेलं ते इतकंच की श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि तिच्यामुळे दुसऱ्या कुणाचं काही बिघडतं का. न्या. धुलियांनी आणखी एक गोष्ट लिहिली, जी मला विसरता येत नाही : गावात आणि निमशहरी भागात कित्येक मुली शाळेत निघण्याआधी घरातली कामं उरकतात, आईला हातभार लावतात. हिजाब घालते म्हणून अशा मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य अधिक चांगलं करतो आहोत का?

न्या. गुप्ता यांचा दृष्टिकोन वेगळा होता, तोही प्रामाणिक. धर्म ही खाजगी बाब, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेच्या वर्गात ती नेता येणार नाही, आणि गणवेशातून समानता रुजते, असं त्यांनी मांडलं. सरकारी शाळेच्या लहान वर्गांबद्दल बोलायचं तर या म्हणण्यात मला तथ्य दिसतं. पण तिथेही एक साधी वाट मोकळी होती. गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेऊ द्यायची. केंद्रीय विद्यालयांत असा हिजाब चालतो, हे या सुनावणीत पुढे आलं होतं. उडुपीत ती वाट धरली असती तर कदाचित न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

वर्गात आणि प्रयोगशाळेत

आता न्यायालयाबाहेर येते. पोशाखावर संस्थेला खरोखर बंधन कशासाठी घालावं लागतं? माझ्या अनुभवात तीन कारणं येतात.

पहिलं ओळख. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवावा लागतो. हिजाबात चेहरा पूर्ण दिसतो, प्रश्नच येत नाही. नकाब असेल तर महिला पर्यवेक्षक मुलीला बाजूच्या खोलीत नेते, चेहरा पाहते, सही घेते. कानात काही अडकवलेलं नाही ना हेही तिथेच तपासते. पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटं जास्त लागतात. म्हणूनच वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या सूचनांमध्ये धार्मिक किंवा पारंपरिक पोशाख घालणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावं असं सांगितलेलं असतं. २०१६मध्ये केरळ उच्च न्यायालयानं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला हिजाबची परवानगी देताना हीच अट घातली होती : अर्धा तास आधी या आणि महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी करून घ्या.

दुसरं सुरक्षा. बर्नरजवळ लोंबणारं कापड धोक्याचं. पण इथे मी जे पाहिलं आहे ते सांगते. मला रागवावं लागतं ते खांद्यावरून मोकळ्या सोडलेल्या जॉर्जेटच्या ओढण्यांना आणि पाठीवर सोडलेल्या केसांना. हिजाब पिना लावून बसवलेला असतो, त्याची टोकं मुली एप्रनच्या आत खोचतात. मी सांगते ते एवढंच की कापड सुती असू दे, सिंथेटिक नको, कारण ते पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. हा नियम सगळ्यांच्या कपड्यांना सारखाच लागू आहे.

तिसरं शिकवणं. शिकवताना मला चेहरा लागतो. मोलॅरिटीचं गणित फळ्यावर मांडत असताना कोणाच्या कपाळावर आठी पडली, कोण ओठातल्या ओठात आकडे पुटपुटतंय, हे पाहून मी पुढच्या ओळीवर जायचं की नाही ते ठरवते. तोंडी परीक्षेत तर हे अधिकच. त्यामुळे वर्गात नकाब नको या सर्वोच्च न्यायालयाच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. ज्या मुलीला नकाब श्रद्धेचा भाग वाटतो तिचं यात काहीतरी हिरावलं जातं, हे मी नाकारत नाही. पण इथे बंधनामागे शिकवण्याचं प्रत्यक्ष कारण आहे, आणि ते तिला समजावून सांगता येतं. हिजाबच्या बाबतीत, गणवेश नसलेल्या पदवी कॉलेजात, असं कोणतंही कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालानंतर लगेच त्याच कॉलेजनं फाटकी जीन्स, टी-शर्ट, जर्सी यांच्यावरही बंदी आणली. यावरून दोन तर्क निघाले. बंदी एका धर्माविरुद्ध नव्हती याचा हा पुरावा, असं काहींनी म्हटलं. एकदा नकोची यादी सुरू झाली की ती लांबतच जाते, असं इतरांनी. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं. मात्र टी-शर्ट नाकारलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शर्ट घालून येतो आणि विसरून जातो. हिजाब नाकारलेल्या मुलीला तो विसर पडत नाही. नियम सगळ्यांना एकच असला तरी त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि न्यायालयानं नियम सर्वांना लागू आहे एवढंच पाहून थांबावं, हे मला अपुरं वाटतं.

अंतरिम आदेशानंतरही एक गोष्ट कॉलेजांना स्वतःच करावी लागणार आहे. बुरखा किंवा नकाब घालून मुलगी वर्गापर्यंत येणार, आणि वर्गात शिरताना तो काढणार. नोटिशीत जिचा उल्लेख होता ती कपडे बदलायची खोली आता खरंच लागेल. बऱ्याच कॉलेजांत अशी खोली म्हणजे मुलींचं स्वच्छतागृह. ओल्या फरशीवर एका पायावर तोल सांभाळत, बॅग मैत्रिणीच्या हातात देऊन बुरखा उतरवायचा, घडी करून वहीच्या वर कोंबायचा, आणि तोवर पहिल्या तासाची हजेरी होऊन जाते. आतून कडी लागणारं दार, भिंतीवर चार खुंट्या, एक आरसा, आणि सकाळी सव्वासातला तिथे कुलूप नसेल याची जबाबदारी एका शिपाईबाईकडे. नोटिशीत ही सोय लिहायला एक ओळ पुरते. ती सोय प्रत्यक्षात आहे का, हे पाहायला प्राचार्यांनी सोमवारी पहिल्या तासाच्या आधी एखाद्या शिक्षिकेला तिथे पाठवावं.